वरण पातळ करण्याआधी

"दुपारी तीन भाकरी हाणतो मी सर. वरण बी रोजच असते. तरी अंग काहून भरत नाही?"

अकोल्याहून एका रविवारी माझ्याकडे अमरावतीला आलेल्या मुलाचा हा प्रश्न. वय बावीस, वजन ६४ किलो, दोन वर्षांपासून वजनं उचलतो. अंडी-मांस घरात कधी नव्हतंच; दूध, दही, तूपही त्याने वर्षभरापूर्वी सोडलं होतं. बेंच प्रेस चार महिन्यांपासून ६० किलोवर अडकलेली. व्यायामाची वही मी चाळून पाहिली, तिच्यात खोट नव्हती. झोपही बरी होती. मग मी विचारलं, "वरणाले डाळ किती टाकतात घरी?" त्याला माहीत नव्हतं. त्याने तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाल्या, एक वाटी. जेवणारी माणसं पाच.

आपल्या घरातली नेहमीची स्टीलची वाटी काठोकाठ भरली तर कच्ची तुरीची डाळ सुमारे १२० ग्रॅम बसते. पाच जणांत वाटली तर एकाच्या वाट्याला २४ ग्रॅम. म्हणजे जो पदार्थ तो "रोजच असते" म्हणून मोजत होता, त्यातून त्याला जेमतेम ५ ग्रॅम प्रथिनं मिळत होती. ताटात वरण दिसत होतं, पण त्यात डाळीपेक्षा पाणी जास्त होतं.

अमरावतीत खुराक हा शब्द आखाड्यातून आलेला आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं, त्याच्याही आधीपासून खुराक म्हटलं की दूध, तूप, बदाम असंच समीकरण आहे. त्यामुळे दूध सोडलेल्या पोराला तालमीत पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे दूध पुन्हा सुरू कर. ते न करताही स्नायू वाढतात. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण पुरुषांचे दोन गट बारा आठवडे वजनं उचलत होते. एक गट पूर्ण व्हेगन, दुसरा मिश्राहारी. दोघांनाही वजनाच्या दर किलोमागे रोज १.६ ग्रॅम प्रथिनं मिळतील असं पाहिलं, त्यासाठी व्हेगन गटाला सोयाच्या आणि दुसऱ्या गटाला दुधातल्या व्हे प्रथिनांची पावडर दिली. पायाचे स्नायू आणि ताकद दोन्ही गटांत सारखीच वाढली. अट एकच होती, प्रथिनांचा आकडा खरोखर गाठण्याची. आपल्याकडे गाडी अडते ती तिथेच, आणि ती का अडते हे समजायला ज्वारी आणि डाळ यांच्या आत थोडं डोकवावं लागतं.

प्रथिनं म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी. त्यातली नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती जेवणातूनच यावी लागतात. वजन उचलणाऱ्याने त्यातल्या दोघांची नावं लक्षात ठेवली तरी पुरे: ल्युसिन आणि लायसिन. बांधकामाच्या भाषेत सांगायचं तर ल्युसिन हा मुकादम आहे. तो रक्तात पुरेशा संख्येने आला की स्नायूंच्या पेशींना हाक जाते, चला, काम सुरू करा. लायसिन ही वीट आहे. स्नायूंच्या प्रथिनांत ती भरपूर लागते. मुकादम आला आणि विटा नसल्या तर काम सुरू होऊन थांबतं. विटा रचून ठेवल्या आणि मुकादमच आला नाही तर गवंडी बसून राहतात.

आता आपल्या वऱ्हाडची गंमत पाहा. ज्वारीत ल्युसिन भरपूर असतं. तिच्या प्रथिनांतला सुमारे बारा टक्के भाग ल्युसिनचा असतो. गव्हात तो साडेसहाच्या आसपास, तांदळात आठ. धान्यांत ज्वारीच्या तोडीस तोड मकाच. पण तीच ज्वारी लायसिनमध्ये फार गरीब आहे, तिच्या प्रथिनांत ते जेमतेम सव्वादोन टक्के. डाळींचं नेमकं उलट. तूर, हरभरा, मूग यांच्या प्रथिनांत लायसिन साडेसहा-सात टक्के असतं, ल्युसिनही सात-आठ टक्के. डाळी कमी पडतात त्या मेथिओनिन या गंधकयुक्त अमिनो आम्लात, आणि ते धान्यातून मिळतं. म्हणून नुसत्या डाळीवर राहणंही शहाणपणाचं नाही. भाकर आणि वरण ही जोडी आपल्या आज्यांनी अमिनो आम्लं मोजून लावलेली नव्हती, पण ती बरोबर लागली. बिघडलं ते जोडीतलं प्रमाण.

त्या मुलाचं दुपारचं ताट मी कागदावर मांडलं. त्याच्या आईच्या हातच्या एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागतं, हे त्याने नंतर घरी वजनकाट्यावर तोलून कळवलं. तीन भाकरींचं १८० ग्रॅम पीठ, त्यात १८ ग्रॅम प्रथिनं. वरणातली ५ धरून एकूण २३. यातलं ल्युसिन अडीच ग्रॅमच्या जवळ जातं, आणि एका जेवणात साधारण तेवढं हवं असंच पुस्तकं सांगतात. म्हणजे मुकादम हजर होता. लायसिन मात्र पाऊण ग्रॅमच भरलं. एवढ्या प्रथिनांचा पूर्ण उपयोग व्हायचा तर ते एक ग्रॅमच्या थोडं वर हवं होतं. हिशेब सरळ आहे: खाल्लेल्या २३ ग्रॅम प्रथिनांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास बांधणीच्या कामी येऊ शकतात, उरलेली शरीर चुलीत घालतं, जळण म्हणून. तीन भाकरी हाणून अंग का भरत नाही, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं पचनात आहे. ज्वारीतलं मुख्य प्रथिन काफिरिन नावाचं. पाण्यात शिजवल्यावर त्याचे रेणू एकमेकांना घट्ट बिलगतात आणि पाचक रसांना दाद देत नाहीत. त्यामुळे ज्वारीच्या प्रथिनांचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा अंगी लागतच नाही. अंडी किंवा दुधाच्या बाबतीत हे नुकसान फार थोडं असतं. कागदावरचं अडीच ग्रॅम ल्युसिन रक्तापर्यंत पोचेस्तोवर पावणेदोनवर येतं ते यामुळे. म्हणून मी व्हेगन मुलांना सांगतो, पुस्तकातला अडीचचा आकडा तुमच्यासाठी तीन समजा. पीठ आंबवलं की हे प्रथिन काहीसं मोकळं होतं, म्हणून आंबील किंवा आंबवलेल्या पिठाचं धिरडं अधूनमधून जरूर करा. पण त्यावर सगळा भार टाकता येत नाही.

पोळीचं ताट वेगळ्या तऱ्हेने अपुरं पडतं. तीन पोळ्या, एक मूद भात आणि तेच पातळ वरण घेतलं तर प्रथिनं २१ ग्रॅम भरतात आणि ल्युसिन दीडच ग्रॅम. तिथे मुकादमच अर्धा येतो. शहरात राहायला गेलेल्या, मेसचं जेवणाऱ्या मुलांनी हे लक्षात घ्यावं. भाकर सोडून पोळीवर आलात तर डाळ वाढवण्याची गरज आणखी वाढते.

मग करायचं काय? ज्वारीच्या दोन भाग पिठाला डाळीचा एक भाग, दोन्ही कच्चं तोलून. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सर्वसाधारण माणसासाठी तीनास एक असं प्रमाण सांगते आणि ते चालण्यासारखं आहे. पण ज्वारी लायसिनमध्ये गव्हा-तांदळापेक्षाही मागे आहे, म्हणून ज्वारी खाऊन वजन उचलणाऱ्याने दोनास एक धरावं. दोन भाकरींचं १२० ग्रॅम पीठ आणि ६० ग्रॅम डाळ. यात प्रथिनं २५ ग्रॅम होतात. तीन भाकरींच्या ताटापेक्षा हा आकडा फार मोठा नाही, पण लायसिन पाऊण ग्रॅमवरून जवळजवळ एक ग्रॅम दोनशे मिलिग्रॅमवर जातं आणि खाल्लेलं सगळं कामी येऊ लागतं. ल्युसिन मात्र अजून अडीचच्या आतबाहेरच. ते तीनवर न्यायला २० ग्रॅम सोया वडी पुरते. वाळलेली वडी तोलून घ्या, ती गरम पाण्यात भिजून दुपटीहून जास्त फुगते. त्यातून १० ग्रॅम प्रथिनं आणि पाऊण ग्रॅमभर ल्युसिन मिळतं. एकूण ३५ ग्रॅम प्रथिनं, ३ ग्रॅमच्या वर ल्युसिन. एक भाकर कमी झाली आणि ताट भरीव झालं.

इथे घरात अडचण येते ती डाळ शिजवण्याची. एकट्यासाठी वेगळा कुकर कोण लावणार? त्या मुलाच्या आईने काढलेली तोड मला फार आवडली आणि तीच मी सगळ्यांना सांगतो. कुकरला एक वाटीऐवजी सव्वा वाटीहून थोडी जास्त, सुमारे १५५ ग्रॅम डाळ लावायची. शिजली की घोटायची. फोडणी देऊन पाणी वाढवण्याआधी, घोटलेल्या दाट गोळ्यातला जवळजवळ चाळीस टक्के भाग, म्हणजे मोठी वाटीभर, मुलासाठी बाजूला काढायचा. उरलेल्यात नेहमीप्रमाणे पाणी घालून घरच्यांचं वरण. त्यांचं वरण होतं तसंच राहतं, याच्या वाट्याची डाळ मात्र त्याच्याच ताटात जाते. बाजूला काढलेल्या डाळीवर लसणाची फोडणी आणि लिंबू घातलं की ती भाकरीशी सुकी खाता येते.

रोज तूर नको असेल तर झुणका करा. पिठलं नव्हे, पातळ पिठल्याच्या वाटीत बेसन २०-२५ ग्रॅमच असतं, झुणक्याच्या ताटलीत ५०-६० ग्रॅम सहज जातं. तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुणके, पातोडी, हरभऱ्याच्या डाळीचा भरडा हे सगळे आपल्याकडचे पदार्थ डाळीने गच्च भरलेले आहेत. पाहुण्यांच्या दिवशी होणारा पातोडीचा रस्सा आठवड्यातून दोनदा होऊ द्या, फक्त रश्श्यावरचा तेलाचा तवंग कमी ठेवा. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा येतात तेव्हा सोले भरपूर खावेत, पण ते डाळीच्या वजनाने मोजू नयेत. ओल्या दाण्यात पाणी जास्त, म्हणून तेवढ्याच प्रथिनांसाठी वजन दुप्पट-तिप्पट लागतं.

मापाची सर्वांत मोठी फसगत होते ती कच्च्या आणि शिजलेल्यात. मोबाईलवर पाहून मुलं लिहून आणतात, "१०० ग्रॅम डाळीत २२ ग्रॅम प्रथिनं", आणि वाटीभर शिजलेलं वरण १०० ग्रॅम धरून २२ लिहून टाकतात. ते २२ कच्च्या, कोरड्या डाळीचे. शिजलेल्या पातळ वरणाच्या १०० ग्रॅममध्ये तीन-चार ग्रॅमच असतात. तीन-चारशे रुपयांचा स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, आठवडाभर सगळं कच्चं तोला, मग नजर बसते आणि काट्याची गरज उरत नाही.

आता सोयाबीनबद्दल, कारण ते आपल्या वावरात उगवतं आणि आपल्या चुलीवर येत नाही. अकोला, अमरावती, यवतमाळ, वाशीम सगळीकडे खरिपात सोयाबीनच सोयाबीन, आणि ते मोंढ्यावरून थेट तेलाच्या कारखान्यात जातं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अमरावतीच्या संशोधन केंद्रावर सोयाबीनचे नवे वाण निघतात, पण घरात खायला म्हणून ते ठेवणारं घर शंभरात एखादंच. खरं तर १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये ३५ ग्रॅमच्या वर प्रथिनं आहेत, कुठल्याही डाळीच्या दीडपट, आणि त्याचं अमिनो आम्लांचं गणित वनस्पतींमध्ये सर्वांत जुळतं. व्हेगन व्यायाम करणाऱ्याने घरच्या पिकातलं दहा-पंधरा किलो दरवर्षी बाजूला काढून ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

पण दोन गोष्टींची काळजी घ्या. पहिली, पेरणीतून उरलेलं बियाणं कधीही खाऊ नका. त्याला बीजप्रक्रियेत बुरशीनाशक चोळलेलं असतं. रंगीत दिसतं ते तर नाहीच, पण रंग धुऊन गेलेलंही नाही. खायचं सोयाबीन मळणीनंतर लगेच वेगळ्या पोत्यात काढा. दुसरी, सोयाबीन कच्चं पोटात जाऊ देऊ नका. त्यात प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवणारा घटक असतो आणि तो ओल्या उष्णतेनेच मोडतो. रात्रभर, आठ-दहा तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताजं पाणी घालून कुकरमध्ये दाणा बोटांत दाबला की लोण्यासारखा पसरेपर्यंत शिजवा. कचकचीत राहिला तर पुन्हा लावा. शिजलेल्या दाण्याला कच्च्या शेंगेसारखा उग्र वास येत असेल तर तो पुरेसा शिजला नाही असं समजा.

याच कारणासाठी गव्हात कच्चं सोयाबीन मिसळून गिरणीतून दळून आणण्याची पद्धत मला पटत नाही. तव्यावर पोळी दीड-दोन मिनिटं असते, तेवढ्यात आतलं कच्चं सोयाबीन पुरतं शिजत नाही. मग पोट जड होतं, वारा धरतो, आणि माणूस म्हणतो सोयाबीन मानवत नाही. मिसळायचंच असेल तर आधी वीस-पंचवीस मिनिटं उकळून, उन्हात कडकडीत वाळवून मग नऊ किलो गव्हात एक किलो घाला. अशा पिठाच्या १०० ग्रॅममध्ये अडीचेक ग्रॅम प्रथिनं वाढतात आणि गव्हाची लायसिनची उणीवही बरीच भरून निघते. ज्वारीच्या पिठात हे मिसळलं तर भाकर थापताना चिरते, म्हणून तिथे नको.

त्या मुलाचा पूर्ण दिवस आम्ही असा बसवला. ६४ किलोला १.६ने गुणलं की १०२ ग्रॅम होतात. वनस्पतींच्या पचनाची तूट धरून आम्ही ११० ठरवले. सकाळी व्यायामानंतर ८० ग्रॅम मुगाच्या डाळीची धिरडी, शेंगदाण्याची चटणी आणि ग्लासभर सोया दूध, यातून ३२ ग्रॅम. दुपारी वर सांगितलेलं ताट, ३५. संध्याकाळी चार वाजता मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे, १५. रात्री ५० ग्रॅम सोयाबीनची उसळ आणि दोन भाकरी, ३०. तीन मोठ्या जेवणांत ल्युसिन अडीच ते सव्वातीन ग्रॅममध्ये राहतं. मूग मी सकाळी मुद्दाम ठेवला, डाळींमध्ये तो पोटाला हलका आहे. शेंगदाण्यावर मात्र प्रथिनांसाठी विसंबू नका. त्यात लायसिन कमी आणि तेल निम्मं, त्यामुळे १०० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे साडेपाचशे कॅलरी. ते वजन वाढवायला चांगले, स्नायूंच्या विटा म्हणून दुय्यम.

वर दिलेल्या चार खाण्यांतून तेल धरून साधारण २२५० कॅलरी होतात. त्याला २६००च्या वर हव्या होत्या. उरलेल्या केळी, भात, गूळ-पोळी, जवसाची चटणी यांतून येऊ दिल्या. एकूण अन्नच कमी पडलं तर शरीर महागातली प्रथिनं जळणात घालतं, मग ल्युसिन मोजून उपयोग नाही.

धान्य आणि डाळ एकाच घासात यायला हवी का, हेही बरेच जण विचारतात. १९७१ साली अमेरिकेत फ्रान्सिस मूर लापे यांच्या पुस्तकामुळे ही समजूत जगभर पसरली. पुढे १९८१च्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच ती मागे घेतली. दुपारची लायसिनची उणीव रात्री काही प्रमाणात भरून निघते, शरीराजवळ अमिनो आम्लांचा थोडा फिरता साठा असतोच. पण ल्युसिनची हाक त्या-त्या जेवणातून जाते, ती आज सकाळी कमी पडली म्हणून रात्री साठवून देता येत नाही. म्हणून दिवसाचा एकूण आकडा पहिला, आणि तो तीन जेवणांत बऱ्यापैकी सारखा वाटणं दुसरं. दिवसभर चिवडा-पोहे आणि रात्री एकदम चार वाट्या उसळ, ही विभागणी कामाची नाही.

ल्युसिन एवढं महत्त्वाचं तर त्याची पावडरच का घेऊ नये? दुकानात बीसीएए नावाने जे डबे मिळतात त्यात ल्युसिन आणि त्याचे दोन भाऊबंद असतात, लायसिन नसतं. ज्वारी खाणाऱ्याला त्यातून मुकादम आणखी चार मिळतात, वीट एकही नाही. ज्वारी आणि ल्युसिन यांचा एक जुना इतिहासही आहे. हैदराबादच्या याच पोषण संस्थेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली दाखवून दिलं, की दख्खनच्या पठारावर जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा त्वचेचा आणि मेंदूचा आजार दिसतो, आणि त्यामागे ज्वारीतलं जास्तीचं ल्युसिन असावं अशी शंका त्यांनी मांडली. ल्युसिनचा त्यात नेमका वाटा किती, यावर नंतर शास्त्रज्ञांचं एकमत झालं नाही. पण ताटात डाळ, भाज्या, शेंगदाणे असलेल्याला तो आजार होत नाही, हे दिसलं. एकट्या ल्युसिनचा ढीग करण्यात काही हशील नाही, हा धडा मी त्यातून घेतो. पावडर घ्यायचीच वेळ आली, परीक्षेचे दिवस किंवा प्रवास असला, तर सोया किंवा वाटाण्याच्या पूर्ण प्रथिनांची घ्या. ३० ग्रॅमच्या मापात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं आणि दोन ग्रॅमच्या आसपास ल्युसिन मिळतं.

डाळ एकदम तिप्पट करू नका. पोटातल्या जिवाणूंना सवय व्हायला वेळ लागतो. आठवड्याला १५-२० ग्रॅम याप्रमाणे वाढवा, भिजवलेलं पाणी टाकून द्या, फोडणीत हिंग आणि ओवा घाला. गॅस धरला तर डाळ बंद करायची नाही, मागच्या आठवड्याच्या मापावर परत यायचं आणि तिथेच थोडे दिवस थांबायचं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

आणखी एक, आणि यात सवलत नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व कुठल्याही डाळीत, धान्यात, सोयाबीनमध्ये नसतं. दूध सोडलेल्या माणसाने त्याची गोळी घ्यायलाच हवी आणि वर्षातून एकदा रक्त तपासावं. पायाला मुंग्या येणं, जिन्यावर दम लागणं, नेहमीचं वजन विनाकारण जड वाटणं ही लक्षणं दिसली तर दोष ल्युसिनमध्ये शोधत बसू नका. त्या मुलाची तपासणी केली तेव्हा त्याचंही बी-१२ खालीच निघालं.

लायसिन कमी पडतंय हे शरीर वेगळं सांगत नाही, म्हणून वहीच ठेवावी लागते. सोमवारी सकाळी उपाशीपोटी वजन, पंधरा दिवसांनी दंड, मांडी आणि कंबर यांचं टेपने माप, आणि रोजच्या सेटचे आकडे. महिन्याला अर्धा ते पाऊण किलो वजन वाढून उचललेलं वजनही वाढत असेल तर मार्ग बरोबर आहे. कंबरच वाढत असेल तर शेंगदाणे आणि तेल कमी करा, डाळ नको. सहा आठवड्यांत काहीच हललं नाही तर बहुतेक वेळा अंदाज चुकलेला असतो, काटा पुन्हा बाहेर काढा.

दहा आठवड्यांनी तो आला तेव्हा वजन ६५.५ भरलं, कंबर होती तेवढीच, बेंच प्रेस ६५वर पाचदा. मधल्या दोन आठवड्यांत मात्र आकडे घसरलेले दिसले. विचारलं तर म्हणाला, "आई मामाकडे गेली होती सर, तवा मी मेसवर जेवत होतो." पुढच्या वेळेसाठी आम्ही त्याच्या बॅगेत फुटाण्याचं पीठ आणि सोया वड्यांची पिशवी ठेवायचं ठरवलं. मेसच्या पातळ वरणात गरम पाण्यात भिजवलेल्या वड्या टाकल्या की निदान ते जेवण वाया जात नाही.